‘सॉरी’ आणि ‘माझां चुकलां’

देवगडच्या माझ्या ओळखीतले दोघे भाऊ. धाकट्याने कलमांची बाग मोठ्याला न विचारताच एका व्यापाऱ्याला कराराने दिली. नंतर मुंबईहून मोबाईलवर लिहिलं, ‘सॉरी दादा’. मोठ्याला ते खोटं वाटलं. मे महिन्यात धाकटा घरी आला, खळ्यात त्याच्या बाजूला बसला आणि म्हणाला, “दादा, माझां चुकलां.” मोठा काही बोलला नाही, उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आला.

‘सॉरी’ खोटं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. शब्द कळणं आणि शब्द अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. दोघांनी इंग्रजी पाचवीत, फळ्यावर शिकली. मालवणी मात्र आईच्या धपाट्यासकट आली. चूक कबूल करताना तोंड कोरडं पडणं, मान खाली जाणं हे सगळं त्या शब्दांना तेव्हाच चिकटलं.

हे मोजता येतं. मन हललं की बोटांना सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज थोडी सहज वाहते. 2003 साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या, इंग्रजी उशिरा शिकलेल्या तुर्की लोकांवर हे तपासलं. ‘लाज नाही वाटत?’ अशा धाटणीचं लहानपणीचं रागावणं तुर्कीत ऐकल्यावर प्रतिक्रिया जास्त उठली. तेच इंग्रजीत ऐकल्यावर कमी. अर्थ दोन्हीकडे कळत होता. काहींना तर तुर्की वाक्यांबरोबर घरच्या माणसांचे आवाज मनात ऐकू आले. अर्थात घामावरून भावना किती तीव्र आहे एवढंच कळतं. ती सुखाची की दुःखाची, हे नाही.

कौतुकाचंही मला असंच दिसतं. ऑफिसात साहेब ‘एक्सलंट’ म्हणाले की धाकटा हसून ‘थँक यू’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. आई “गुणाचो माझो झील” म्हणाली की त्याला काय उत्तर द्यावं सुचत नाही, तो विषय बदलतो. आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची रीत कमीच, त्यामुळे ते आणखी जड पडतं.

म्हणूनच अवघड गोष्ट दुसऱ्या भाषेत सहज बोलता येते. बोलणाऱ्याला ओझं कमी वाटतं, आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच ओझं हवं असतं.

पण हा फरक परक्या भाषेचा नसून ती कोणत्या वयात, कोणाच्या तोंडून आली याचा आहे. लहानपणीच दोन्ही भाषांत वाढलेल्यांमध्ये तो फारसा आढळत नाही. धाकट्याची मुलगी मुंबईत बालवाडीपासून इंग्रजी बोलते, घरी आई-बाबाही तिला त्याच भाषेत रागावतात. यंदा तिच्या हातून आजीची लोणच्याची बरणी फुटली. ‘सॉरी आजी’ म्हणताना तिचे ओठ थरथरत होते. आजी मात्र अजून तिच्या माफीची वाट बघत होती.