२१ मिलिमीटर म्हणजे एस की आर? झोनच्या तक्त्यामागचा इतिहास

लघवीतून वाढलेला ई. कोलाय, सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेला २१ मिलिमीटरचा गोल, म्हणजे झोन. २०१८ साली ही प्लेट वाचणाऱ्याने, अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, असं लिहिलं असतं. जानेवारी २०१९ च्या आवृत्तीनंतर त्याच झोनला 'आर', म्हणजे रेझिस्टंट, लिहावं लागतं. जंतू तोच, डिस्क तीच, मोजपट्टीही तीच.

प्रॅक्टिकलच्या टेबलावर प्लेट, पट्टी आणि एका ओळीत रुग्णाची माहिती ठेवलेली असते, तेव्हा ही गोष्ट ठाऊक नसलेला विद्यार्थी हमखास अडखळतो. मोठा झोन म्हणजे चांगलं औषध, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते का चूक आहे हे कळायला झोन मोजायची पद्धत आली कुठून हे पाहावं लागतं.

अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२९ च्या पेनिसिलिनवरच्या निबंधात अगरच्या प्लेटमध्ये एक चर कापून त्यात पेनिसिलिन असलेलं अगर भरलं आणि वेगवेगळे जंतू त्या चरापासून काटकोनात रेघा ओढून लावले. काही जंतू चराला भिडून वाढले, काही दूरच थांबले. कोण थांबतो आणि कोण नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटलीने अगरवर छोट्या नळ्या उभ्या करून त्यांत पेनिसिलिनचं द्रावण भरलं. त्याच्या प्रयोगात जंतू ठरलेला होता आणि औषध किती आहे हे माहीत नव्हतं, म्हणून झोनचा व्यास औषधाची ताकद सांगत होता. पुढे हेच गणित उलटवलं गेलं. औषधाची मात्रा ठरवून ती कागदाच्या चकतीत भरली आणि झोनवरून जंतूची परीक्षा घेतली जाऊ लागली. आपण आज जे वाचतो ते हे उलटवलेलं गणित आहे.

उलटवण्यात एक अडचण होती. औषधाच्या जोडीला बाकीच्या सगळ्या गोष्टीही ठरलेल्या असायला हव्यात, आणि १९५० च्या दशकात त्या नव्हत्या. प्रत्येक लॅबचं अगर वेगळं, जंतूंचं प्रमाण वेगळं, एकेका औषधाच्या कमी-जास्त ताकदीच्या दोन-तीन डिस्क. एका रुग्णालयात 'सेन्सिटिव्ह' ठरलेला जंतू दुसरीकडे 'रेझिस्टंट' ठरू शकत होता, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असत.

या गोंधळावर लंडनमध्ये जोन स्टोक्स यांनी एक व्यवहारी तोडगा काढला. संवेदनशील असल्याचं माहीत असलेला कंट्रोल जंतू आणि रुग्णाचा जंतू एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावायचे, मधल्या रेषेवर डिस्क ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंची तुलना करायची. अगर बिघडलं तर दोघांसाठी सारखंच बिघडणार. रुग्णाच्या जंतूचा झोन कंट्रोलपेक्षा मोठा, त्याच्याइतका किंवा फार तर ३ मिलिमीटरने लहान असेल तर सेन्सिटिव्ह, आणि २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर रेझिस्टंट. मधला तो इंटरमीजिएट. ही पद्धत आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत अजून आहे आणि व्हायवात विचारलीही जाते. फक्त एक लक्षात ठेवायचं: स्टोक्सचं माप डिस्कच्या कडेपासून झोनच्या कडेपर्यंतचं असतं. व्यासाचा आकडा इथे वापरला की उत्तर कोसळलंच.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने दुसरी वाट धरली. सगळंच ठरवून टाकायचं. बाउअर, किर्बी, शेरिस आणि टर्क यांचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आपण ज्याला किर्बी-बाउअर म्हणतो ती पद्धत म्हणजे त्यातली एका औषधाला एकच डिस्क. अगर कोणतं? म्युलर आणि हिंटन यांनी १९४१ मध्ये गोनोकॉकससारख्या नाजूक जंतूंसाठी बनवलेलं. जाडी ४ मिलिमीटर. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडइतकं गढूळ, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी जंतू. कंट्रोल म्हणून वापरला जाणारा ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हासुद्धा सिअ‍ॅटलचाच. त्याच्या नोंदीत 'सिअ‍ॅटल १९४६' असं अजून लिहिलेलं असतं.

जाडी आणि गढूळपणा यांचा एवढा आग्रह का, हे विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. डिस्क अगरवर टेकली की दोन गोष्टी एकदम सुरू होतात: औषध बाहेर पसरू लागतं आणि जंतू वाढू लागतात. जंतूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की तिथे पोचलेलं औषध त्यांना आवरू शकत नाही, आणि झोनची कड तिथेच ठरते. ही शर्यत पहिल्या काही तासांतच संपते. १६ ते १८ तासांनी आपण फक्त निकाल पाहतो. सुरुवातीलाच जंतू जास्त असतील तर कड लवकर ठरते आणि झोन खोटा लहान येतो. जंतू विरळ असतील तर झोन खोटा मोठा येतो. अगर जाड ओतलं तर औषध खालीही झिरपतं आणि झोन आक्रसतो. टेबलावरच्या प्लेटमध्ये सलग चादरीऐवजी सुट्या वसाहती दिसत असतील, तर जंतू कमी पडले होते हे मोजायच्या आधीच बोलून दाखवावं. परीक्षकाला ते ऐकायचं असतं. लॅबमध्ये हीच चूक कंट्रोल पकडतो: २५९२२ चा जेंटामायसिन झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायलाच हवा. तो २९ आला तर त्या दिवशीचा रिपोर्ट बाहेर जाऊ नये.

आता मोठ्या-लहान झोनचा प्रश्न. प्रत्येक औषधाची पसरण्याची गती वेगळी, डिस्कमधली मात्रा वेगळी आणि रक्तात किंवा लघवीत मिळणारी पातळीही वेगळी. म्हणून शेकडो जंतूंवर दोन्ही चाचण्या करून, एका अक्षावर झोन आणि दुसऱ्या अक्षावर वाढ रोखणारी किमान मात्रा म्हणजे एमआयसी मांडून, प्रत्येक औषधासाठी स्वतंत्र रेषा ठरवल्या गेल्या. सगळ्यात बोलकं उदाहरण स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं. पेनिसिलिनभोवती २८ मिलिमीटरचा ऐसपैस झोन असला तरी जंतू रेझिस्टंट ठरतो, कारण सेन्सिटिव्हची रेष २९ वर आहे. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, अगरमधून रखडत सरकतो. त्याचा १५ मिलिमीटरचा झोनसुद्धा एके काळी सेन्सिटिव्ह मानला जाई. 'एके काळी' म्हणायचं कारण असं की व्हँकोमायसिनला अर्धवट दाद देणारे स्टॅफिलोकॉकस या डिस्कवर वेगळे ओळखूच येत नाहीत, असं दिसल्यावर २००९ पासून सीएलएसआयने स्टॅफिलोकॉकससाठी ती डिस्क काढून टाकली. तिथे एमआयसीच लागते. जुन्या जर्नलांत ही डिस्क अजून दिसते, आणि जर्नल वरून खाली उतरवली जातात, त्याला इलाज नाही.

रेषा बदलतात त्या अशाच कारणांनी. सिप्रोफ्लोक्सासिनच्या जुन्या रेषा, २१ आणि वर सेन्सिटिव्ह, १५ आणि खाली रेझिस्टंट, ज्या काळात आखल्या गेल्या तेव्हा जंतू एक तर अगदी नाजूक असत नाही तर अगदी निर्ढावलेले. नंतर मधले आले: एखादाच जनुकीय बदल झालेले, प्लेटवर बरे दिसणारे, पण नेहमीच्या डोसला पुरते न मरणारे. म्हणून २०१९ मध्ये सेन्सिटिव्हची रेष २६ वर गेली आणि २१ व त्याखाली सगळं रेझिस्टंट झालं. जेंटामायसिनची रेष २०२३ मध्ये १५ वरून १८ वर गेली. परीक्षेत तक्ता दिलेला असेल तर आधी त्याचं साल पाहावं आणि उत्तर 'दिलेल्या तक्त्यानुसार' असं लिहावं. भिंतीवरचा पिवळा पडलेला तक्ता आणि हातातलं नवं पुस्तक यांत फरक निघाला तर तो दडवू नये, सांगावा.

एक प्लेट पूर्ण वाचू. चिठ्ठीवर लिहिलंय: २६ वर्षांची स्त्री, गरोदर नाही, दोन दिवस लघवीला जळजळ, ताप नाही, लघवीत ई. कोलाय. प्लेट उलटी धरून, काळ्या पार्श्वभूमीवर, मागून व्यास मोजायचे. अँपिसिलिन ६, को-ट्रायमोक्साझोल ९, नायट्रोफ्युरँटॉइन १८, जेंटामायसिन १९, सिप्रोफ्लोक्सासिन २१, सेफ्ट्रायाक्झोन २७, मेरोपेनेम ३०. अँपिसिलिनपुढे शून्य लिहायचा मोह होतो, पण डिस्कचा स्वतःचाच व्यास ६ आहे, म्हणून झोन नाही याचा आकडा ६. ते आणि को-ट्रायमोक्साझोल रेझिस्टंट. नायट्रोफ्युरँटॉइनची रेष १७, म्हणजे सेन्सिटिव्ह. जेंटामायसिन नव्या रेषेनेही सेन्सिटिव्ह. सिप्रो नव्या तक्त्याप्रमाणे रेझिस्टंट. सेफ्ट्रायाक्झोन आणि मेरोपेनेम दोन्हींची रेष २३, तेव्हा दोन्ही सेन्सिटिव्ह.

इथे बहुतेक उत्तरपत्रिका मेरोपेनेम लिहून मोकळ्या होतात, कारण ३० सगळ्यात मोठा. योग्य उत्तर नायट्रोफ्युरँटॉइन आहे, सेन्सिटिव्ह ठरलेल्यांत सगळ्यात लहान झोनचं. संसर्ग मूत्राशयापुरता आहे, हे औषध तोंडाने घेता येतं आणि लघवीतच साठतं. जेंटामायसिन आणि सेफ्ट्रायाक्झोन सुईने द्यावी लागतात, आणि मेरोपेनेम बाकी सगळं हरल्यावरचं औषध आहे.

मग परीक्षक चिठ्ठीत एक ओळ वाढवतो: थंडी वाजून १०२ ताप, कुशीत दुखतंय. प्लेटवरचा एकही आकडा बदललेला नाही. पण संसर्ग आता मूत्रपिंडात आहे, आणि नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात किंवा मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही. अहवालात त्याच्यापुढे 'एस' तसंच राहतं, प्रिस्क्रिप्शनवर मात्र सेफ्ट्रायाक्झोन जातं.