फितूर साक्षीदार आणि माफीचा साक्षीदार

फौजदारी खटल्यातील साक्षीदारांचे दोन प्रकार. ज्या पक्षाने बोलावले त्याच्याच विरोधात जाऊन आधीचा जबाब फिरवणारा तो फितूर. गुन्ह्यात स्वतः सामील असून, माफीच्या अटीवर सगळे खरे सांगायला तयार झालेला तो माफीचा साक्षीदार.

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमाग कारखान्यात सहा जणांनी रखवालदाराला बांधून टेम्पोतून सुताची पोती नेली. रखवालदाराने पोलिसांना सांगितले की दोघांचे चेहरे ओळखीचे होते. कोर्टात मात्र तो म्हणतो, ‘अंधार होता, कोणी दिसले नाही.’ मग सरकारी वकील न्यायाधीशांच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारतो. जुन्या पुरावा कायद्यात यासाठी कलम १५४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १५७ आहे. ‘फितूर’ हा शब्द दोन्ही कलमांत नाही.

इथे अनेकांची गल्लत होते. रखवालदाराला त्याचा पोलिसी जबाब दाखवला, पुढे तपासी अंमलदाराने तो शाबीतही केला, तरी चेहरे ओळखल्याचा पुरावा तयार होत नाही. माणूस शब्द फिरवतो एवढेच दिसते. पण म्हणून त्याची सगळी साक्ष कचऱ्यात जात नाही. सहा जण आले, मला बांधले, पोती नेली, हे त्याने शपथेवर सांगितलेले असते. इतर पुराव्याशी जुळत असेल तर तेवढा भाग न्यायालय स्वीकारू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सतपाल खटल्यात (१९७५) स्पष्ट केले.

आता टेम्पोचालकाला माफी मिळाली असे धरू. त्याची साक्ष दोन पायऱ्यांवर तपासली जाते (सरवनसिंग खटला, १९५७). आधी तो मुळात विश्वासार्ह आहे का, आणि मगच त्याच्या सांगण्याला महत्त्वाच्या बाबतीत दुजोरा मिळतो का. हा दुजोरा प्रत्येक आरोपीपुरता वेगळा लागतो. रखवालदाराच्या साक्षीतून दरोडा पडल्याला दुजोरा मिळेल, पण दुसऱ्या क्रमांकाचा आरोपी त्यात होता याला नाही. त्याच्या घरातून त्याच कारखान्याच्या खुणेची पोती जप्त झाली तर मिळेल. त्या जप्तीचा पंचही फितूर झाला, तरी तपासी अंमलदाराची साक्ष खणखणीत असेल तर जप्ती मानता येते.

दुजोऱ्याअभावी काय होते हे गांधीहत्येच्या खटल्यात दिसले. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. त्याची साक्ष इतरांविरुद्ध वापरली गेली, पण सावरकरांबाबत तिला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही आणि १९४९ च्या निकालात ते निर्दोष सुटले.

माफी मिळाली म्हणून टेम्पोचालक लगेच घरी जात नाही. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते. तो खोटे बोलला किंवा त्याने मुद्दाम काही लपवले, असे सरकारी वकिलाने प्रमाणित केले, तर त्याच दरोड्यासाठी त्याच्यावर वेगळा खटला चालतो. त्या खटल्यात, माफी घेताना दिलेला त्याचा जबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो.