मिडी फाइल

मिडी फाइल ही वाद्य वाजवण्याच्या सूचनांची फाइल आहे. तिच्या नावाच्या शेवटी `.mid` असते. तिच्यात आवाज नसतो. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, मुख्यतः एवढे आकड्यांत लिहिलेले असते. त्यामुळे तिचे नाते कॅसेटपेक्षा भातखंडे स्वरलिपीशी जवळचे आहे. फरक इतकाच की ही स्वरलिपी वाचायला माणूस लागत नाही; कीबोर्ड, मोबाइल किंवा संगणक ती वाचतो आणि स्वतःच्या आवाजात वाजवतो.

तीन मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जाने साठवले तर सुमारे 32 एमबी जागा लागते. तेवढ्याच लांबीची मिडी फाइल बहुधा दहा-वीस केबींत मावते. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या एका जुन्या पेन ड्राइव्हवर शेकडो गाणी बसतात ती यामुळे.

एक सूर जवळून

बेथोव्हनची ‘फ्युअर एलिझ’ ही पियानोरचना कीबोर्ड शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. तिचा पहिला सूर मिडी फाइलमध्ये असा दिसू शकतो:

```
00 90 4C 40
78 80 4C 00
```

हे आकडे सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीने लिहिले आहेत. पहिल्या ओळीचा अर्थ असा: न थांबता (00), पहिल्या चॅनेलवर सूर सुरू करा (90), पट्टी क्रमांक 76 (4C), जोर 64 (40). दुसऱ्या ओळीचा अर्थ: 120 टिक थांबा (78), मग तीच पट्टी सोडा (80 4C). चॅनेल म्हणजे एकेका वाद्याच्या सूचनांसाठीचा वेगळा मार्ग. पट्ट्यांचे क्रमांक 0 ते 127 असतात आणि पियानोच्या मधोमध असलेली पांढरी एक म्हणजे 60. जोरही 127 पर्यंतच मोजतात. टिक हे काळाचे एकक आहे. या फाइलमध्ये एका मात्रेचे 480 टिक धरले आहेत, म्हणून 120 टिक म्हणजे पाव मात्रा.

एक टिक किती सेकंदांचा, हे मात्र सुरांजवळ लिहिलेले नसते. लय फाइलमध्ये वेगळी नोंदवतात. लय निम्मी करायची तर तेवढाच आकडा बदलतो, 76 हा 76 च राहतो. कॅसेट प्लेअरच्या बॅटऱ्या उतरल्या की गाणारा जाड आवाजात रेंगाळू लागायचा, तसे इथे होत नाही. आजची अ‍ॅप रेकॉर्डिंगही सूर न हलवता संथ करतात, पण निम्म्या लयीला आवाज चघळल्यासारखा येतो.

उगम

1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6, एका वायरने जोडून दाखवण्यात आले. एकावर वाजवले की दुसरा वाजत होता. प्रॉफेट-600 बनवणाऱ्या कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि ज्युपिटर-6 बनवणाऱ्या कंपनीचे इकुतारो काकेहाशी ही यामागची दोन मुख्य नावे. वायरीतून जाणाऱ्या या मिडी सूचना फाइलमध्ये साठवण्याचा प्रमाणित साचा 1988 मध्ये आला.

रेकॉर्डिंगसारखी का वाजत नाही

पहिले कारण उघड आहे: आवाज वाजवणाऱ्या यंत्राचा असतो. फाइल फक्त वाद्याचा क्रमांक सांगते. ‘जनरल मिडी’ या 1991 च्या यादीत असे 128 क्रमांक आहेत. 1 म्हणजे पियानो, 105 म्हणजे सतार, 112 म्हणजे शहनाई. पेटी या यादीत नाही. तिच्या जागी लोक 21 क्रमांकाचा रीड ऑर्गन घेतात. तबलाही नाही, दहावे चॅनेल तालवाद्यांसाठी राखीव आहे, पण तिथे पाश्चात्त्य ड्रमसेट आहे. त्यामुळे सप्ताहात म्हटला जाणारा अभंग कुणी मिडीत घातला, तर पखवाजाच्या जागी टॉम-टॉम वाजतात आणि ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. चांगला ध्वनिसंच बसवला तर पियानो पुष्कळ खरा वाटतो. स्वस्त कीबोर्डवर तीच फाइल खेळण्यातल्या बाजासारखी वाजते.

दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. फाइल कशी तयार केली, यावर बरेच अवलंबून असते. मिडी पियानोवर माणसाने खरेच वाजवून केलेल्या फाइलमध्ये त्याच्या बोटांचा चढउतार उतरतो. पण पुष्कळ फाइली नोटेशन बघून माऊसने एकेक सूर टिपून केलेल्या असतात. अशा फाइलमध्ये प्रत्येक सुराचा जोर 64 किंवा 80 आणि प्रत्येक सुरुवात 120 च्या नेमक्या पटीत असते. कान याला लगेच पकडतात. मोटारीच्या इंडिकेटरसारखे ते चालत राहते. ओळखायची खूण सोपी आहे. संपादन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरांची यादी उघडावी आणि जोराचा रकाना वरून खाली वाचावा. 64, 64, 64 दिसले की समजावे.

तिसरे कारण आपल्या संगीताला जास्त लागू आहे. सूर म्हणजे एक पट्टी, हा मिडीचा मूळ समज आहे. पट्टी आणि पट्टी यांच्यामधली जागा, म्हणजे मींड, आंदोलन, तोडीतला उतरलेला गंधार, तिथे सहज बसत नाही. सूर वाकवण्याची ‘पिच बेंड’ नावाची सूचना आहे, पण ती एका सुराला लागत नाही, त्या चॅनेलवरच्या सगळ्या सुरांना लागते. मागे षड्ज धरून गंधार वाकवायला गेले तर षड्जही सोबत वाकतो. उपाय म्हणून दोन सूर दोन चॅनेलवर ठेवावे लागतात, आणि इतकी खटपट फुकटात मिळणाऱ्या फाइलींत सहसा कुणी केलेली नसते. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हा पट्ट्यांमधले सूर तिच्यावर येत नाहीत ही जी तक्रार होती, तीच मिडीच्या पट्टीबद्दलही करता येते. गाणाऱ्याचा गळा तर तिच्यात नसतोच. गायकीची ओळ फार तर बासरीच्या क्रमांकावर येते, शब्द आणि श्वास वगळून.

अभ्यासात उपयोग: एक उदाहरण

लातुरात क्लास म्हटले की आधी नीट-जेईई आठवते, पण पेटी-कीबोर्डचे क्लासही मराठवाड्याच्या प्रत्येक शहरात आहेत. पियानो मात्र क्वचितच दिसतो. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, त्याला यूएसबी वायर आणि घरचा संगणक, एवढी सामग्री धरून चालू.

शिकणारीला ‘फ्युअर एलिझ’ची पहिली आठ मापे, म्हणजे नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेले पहिले आठ भाग, बसवायची आहेत. उजवा हात तिला ऐकून येतो: 76, 75, 76, 75, 76, 71, 74, 72, 69. अडते ते डावा हात येतो तिथे. डावा हात 45, 52, 57 हे तीन सूर एकापाठोपाठ घेतो आणि लगेच उजवा हात 60, 64, 69 वरून 71 वर चढतो. रेकॉर्डिंगमध्ये पेडलमुळे हे सगळे एकमेकांत मिसळते. कोणता सूर कोणत्या हाताचा, हे ऐकून सांगता येत नाही.

म्यूझस्कोरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यावर दोन हात दोन ओळींत दिसले तर काम सोपे होते. उजवा हात बंद करायचा, डावा एकटा ऐकायचा. मूळ लय मिनिटाला 72 मात्रांची असेल तर 36 वर आणायची. मग पाव मात्रा सुमारे 0.2 सेकंदाची होती ती 0.4 ची होते आणि बोटाला पट्टी शोधायला वेळ मिळतो. अडलेली दोनच मापे फिरत ठेवायची. डावा हात जमला की उलट करायचे: डावा स्वतः वाजवायचा आणि उजवा फाइलकडून घ्यायचा. रेकॉर्डिंगमध्ये हे करता येत नाही, आणि मिडीचा खरा उपयोग इथे आहे. लय एकदम 72 वर नेऊ नये. 36, 40, 44 असे चढताना जिथे बोटे पुन्हा अडखळतील, तिथेच बोटांचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम फाइल सांगत नाही. कोणत्या पट्टीवर कोणते बोट, ही माहिती साधारणपणे मिडीत नसतेच. त्यासाठी गुरुजी किंवा छापील नोटेशन लागते.

उघडताना तीन गोष्टी बिघडतात. दोन्ही हात एकाच ट्रॅकमध्ये असले तर सॉफ्टवेअर एका ठरावीक पट्टीवर, बहुधा 60 वर, रेघ मारून खालचे डाव्याला आणि वरचे उजव्याला देते. हात एकमेकांच्या हद्दीत गेले की वाटणी चुकते. दुसरे, 75 हा डी शार्प की ई फ्लॅट, हे त्या आकड्यावरून कळत नाही. इथे बरोबर उत्तर डी शार्प आहे, पण पडद्यावर ई फ्लॅट येऊ शकतो आणि नोटेशन वाचायला शिकणारी मुलगी चुकीचे वाचन पक्के करून बसते. तिसरे, हाताने वाजवलेली फाइल नोटेशनमध्ये उघडली की तुकड्या-तुकड्यांच्या विरामांचे जंगल होते, कारण माणूस 120 टिकांवर वाजवत नाही, 113 वर किंवा 131 वर वाजवतो. ऐकायला तीच फाइल चांगली असते; वाचायला माऊसने केलेली निर्जीव फाइल बरी पडते.

भजनी मंडळात मिडी वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. फाइल पांढरी एकची, गाणाऱ्या बाईंचा सूर काळी दोन. प्रत्येक पट्टीत 3 मिळवले की काम झाले असे वाटते, आणि सुरांपुरते ते खरेही आहे. पण दहाव्या चॅनेलवर पट्टी क्रमांक म्हणजे सूर नव्हे, वाद्य. तिथे 36 म्हणजे बास ड्रम. त्यात 3 मिळवले की 39 होते, आणि 39 म्हणजे टाळी. ठेका जायचा तिथे टाळ्या पडू लागतात. बरीच सॉफ्टवेअर हे चॅनेल आपोआप वगळतात. काही वगळत नाहीत. सूर बदलल्यावर तालाचा आवाज बदलला तर पहिला संशय यावरच घ्यावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मिडी’ म्हणून आलेली फाइल कित्येकदा `.mp3` असते. कुणीतरी मिडी वाजवून तिचे रेकॉर्डिंग केलेले असते. तिच्यात हात वेगळे करता येत नाहीत आणि आवाजही यंत्राचाच राहतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. अभ्यासाला मूळ `.mid` च मागावी.

उलट दिशेने केलेला अभ्यासही उपयोगाचा असतो. कीबोर्ड यूएसबीने जोडून स्वतःचे वाजवणे मिडीत नोंदवायचे आणि यादी उघडायची. वरच्या उदाहरणातल्या शिकणारीला दिसू शकते की 45 वर, म्हणजे डाव्या करंगळीवर, तिचा जोर 41 आहे आणि पुढच्या दोन सुरांवर 70 च्या पुढे. किंवा 57 नंतर हात बदलताना 60 हा सूर दर वेळी 30-40 टिक उशिरा पडतो. कानाला हे नुसते ‘कुठेतरी अडखळते’ असे लागत होते.