लॉ एन्ट्रन्समध्ये आन्सर की ला ऑब्जेक्शन (दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा)

क्लॅटसारख्या लॉच्या परीक्षेत पेपर झाला की प्रोव्हिजनल आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची तात्पुरती यादी, येते, आणि त्यातलं एखादं उत्तर पटलं नाही तर ठरलेल्या वेळेत फी भरून, कारण लिहून आक्षेप नोंदवता येतो, यालाच सगळे ऑब्जेक्शन टाकणं म्हणतात. मुदत फार थोडी असते. क्लॅट 2025 चा पेपर 1 डिसेंबर 2024 ला झाला, दुसऱ्याच दिवशी की आली आणि 3 तारखेला ऑब्जेक्शनची खिडकी बंदसुद्धा झाली.

साफ चुकलेली की पकडणं सोपं असतं, खरी अडचण येते ती दोन पर्याय टिकतात तिथे. बहुतेक मुलं ‘माझा पर्यायही बरोबर आहे’ एवढंच सिद्ध करतात आणि तिथेच हरतात, कारण तेवढं पुरत नाही. कोर्टाची कसोटी 1983 पासून ठरलेली आहे. कानपूर युनिव्हर्सिटी विरुद्ध समीर गुप्ता या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आन्सर की बरोबरच आहे असं धरून चालायचं, ती चूक ठरवायची तर उघड उघड चूक दिसली पाहिजे, म्हणजे त्या विषयातला कुठलाही जाणकार ते उत्तर बरोबर म्हणणार नाही इतकी चूक, लांबलचक तर्क लढवून काढलेली चूक चालत नाही. (त्या केसमध्ये मुलंच जिंकली होती, कारण नावाजलेली पाठ्यपुस्तकं त्यांच्या बाजूने होती.) पुढे 2017 मध्ये रण विजय सिंग केसमध्ये कोर्टाने हेही सांगितलं की शंका उरली तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला, उमेदवाराला नाही. म्हणून ऑब्जेक्शन लिहिताना स्वतःच्या पर्यायापेक्षा की वर जास्त लिहायचं: कीमधला पर्याय एकटाच बरोबर का असू शकत नाही.

एक बनवलेला प्रश्न घेऊ. सोळा वर्षांचा मुलगा आपला फोन विकायचा करार करतो, 8,000 रुपये ॲडव्हान्स घेतो आणि मग फोन द्यायला नकार देतो, खरेदीदार कोर्टात जातो, मुलगा म्हणतो मी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा आहे. पर्याय ब: करार व्हॉइड म्हणजे रद्दबातल आहे, फोन मिळणार नाही. पर्याय क: मुलाला झालेला फायदा परत करायला कोर्ट लावू शकतं. की म्हणते ब, तुम्ही क मारलाय.

इथे ‘ब चूक आहे’ असं लिहिलंत तर संपलं, कारण मोहोरी बीबी केसपासून, म्हणजे 1903 पासून, अज्ञानाचा करार व्हॉइडच आहे. पण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट 1963 च्या कलम 33(2)(ब) नुसार असा बचाव घेणाऱ्याला जितका फायदा झाला तितका परत करायला कोर्ट सांगू शकतं, म्हणजे दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. हे कलम आणि हे एक वाक्य, एवढंच ऑब्जेक्शन पुरतं. दोन पानं लिहायला लागत असतील तर तुमचा मुद्दा ‘उघड चूक’ या कसोटीत बसत नाही असं समजा.

मात्र आधी दोन गोष्टी तपासायच्या. प्रश्नात ‘सर्वात योग्य’ असं लिहिलंय का, कारण मग दोन्ही बरोबर असून भागत नाही, तुमचा जास्त योग्य का ते दाखवावं लागतं. आणि प्रश्न उताऱ्यावर आहे का, कारण क्लॅटमध्ये उत्तर उताऱ्यातल्या नियमावरून काढायचं असतं, तिथे कलम 33 चा उल्लेखच नसेल तर बाहेरून आणलेला कायदा फारसा उपयोगी पडत नाही, उताऱ्यातलीच ओळ दाखवावी लागते.

मागायचं काय हेही आधी ठरवा, मुलं इथे घाई करतात. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला 1 मार्क आणि चुकीला उणे 0.25. ‘प्रश्न रद्द करा’ म्हटलंत आणि तो कुणालाच मार्क न देता वगळला तर तुमचे उणे 0.25 जाऊन शून्य होतात. ‘दोन्ही पर्याय ग्राह्य धरा’ म्हटलंत तर पूर्ण 1 मिळतो, म्हणजे आधीच्या उणे 0.25 पासून 1.25 चा फरक, आणि क्लॅटच्या रँकमध्ये हा फरक छोटा नाही. एमएच सीईटी लॉला निगेटिव्ह मार्किंग नसतं, तिथे हा हिशोब वेगळा पडतो.

दोन्ही पर्याय ग्राह्य धरायला लावणं ही नुसती कल्पना नाही. क्लॅट यूजी 2025 च्या वादात सुप्रीम कोर्टाने 7 मे 2025 ला प्रश्न 56 वर, जो पर्यावरण जपण्याच्या कर्तव्याबद्दल होता, क किंवा ड मारणाऱ्या सगळ्यांना मार्क द्यायला सांगितलं, अ आणि ब वाल्यांचे मात्र कापायला सांगितले. पण तारीख बघा, पेपर डिसेंबरचा आणि निकाल मे महिन्यातला, तोवर ॲडमिशन अडकलेल्या. फायनल की नंतर रिट, म्हणजे हायकोर्टात याचिका, हा रस्ता आहे, पण त्यात महिने जातात आणि वर सांगितलेली कसोटी तिथे आणखी कडक लागते. त्यामुळे सगळा जोर त्या पहिल्या एक-दोन दिवसांच्या ऑब्जेक्शनवरच लावलेला बरा, नंतर कोर्टात गेलात तरी पहिला प्रश्न हाच येतो की हे तुम्ही तेव्हा मांडलं होतं का.