बरोबरीतला पहिला कोण? सॉर्टेड सेट आणि एका संख्येत बसवलेला वेळ

ऑनलाइन खेळाचा लीडरबोर्ड ठेवण्यासाठी रेडिस या डेटाबेसमधला सॉर्टेड सेट सर्रास वापरला जातो. त्यातल्या प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात: खेळाडूची ओळख आणि एक संख्या, जिला स्कोअर म्हणतात. नोंदी त्या संख्येच्या क्रमाने कायम लावलेल्या राहतात, आणि आतल्या रचनेत प्रत्येक दुवा किती नोंदी ओलांडतो याची मोजदादही ठेवलेली असते. त्यामुळे दहा लाख खेळाडूंतही एखाद्याचा क्रमांक सगळी यादी न चाळता, काही डझन तुलनांत सापडतो.

अडचण येते ती बरोबरीत. दोघांचा स्कोअर सारखा असला, तर रेडिस त्यांना ओळखीच्या अक्षरक्रमाने लावतो. कोण आधी पोहोचले याची त्याला कल्पनाच नसते. समजा, p17 ने स्पर्धा सुरू झाल्यावर बरोबर एका दिवसाने, म्हणजे 86400 व्या सेकंदाला, 4200 गुण गाठले आणि p9 ने तेवढेच गुण त्यानंतर तासाभराने, 90000 व्या सेकंदाला मिळवले. अक्षरक्रमात 1 हे 9 च्या आधी येत असल्यामुळे चढत्या यादीत p17 आधी येतो. पण लीडरबोर्ड उतरत्या क्रमाने वाचला जातो, म्हणून p9 वर दिसतो. आधी पोहोचलेला खेळाडू केवळ नावामुळे खाली जातो, आणि त्याची तक्रार रास्तच असते.

यावरचा उपाय असा, की गुण आणि वेळ मिळून एकच संख्या करायची. स्पर्धा 30 दिवसांची असेल, तर तिच्यात 25,92,000 सेकंद असतात, म्हणजे वेळेला सात अंकी जागा पुरते. गुणांना 1,00,00,000 ने गुणायचे आणि त्यात 99,99,999 वजा स्पर्धा सुरू झाल्यापासूनचे सेकंद मिळवायचे. वेळ वजा करून घेतल्यामुळे लवकर पोहोचलेल्याची संख्या मोठी ठरते. वरच्या उदाहरणात p17 ची संख्या 42009913599 आणि p9 ची 42009909999 होते, त्यामुळे p17 वर येतो. 4201 गुणांचा खेळाडू अगदी शेवटच्या सेकंदाला आला, तरी त्याची संख्या 42017408000 होते. म्हणजे वेळेचा भाग गुणांवर कधीच कुरघोडी करू शकत नाही. पडद्यावर दाखवताना एक कोटीने भागून पूर्णांक तेवढा घ्यायचा.

```
ZADD board GT 42009913599 p17
ZADD board GT 42009909999 p9
ZREVRANGE board 0 9 WITHSCORES
```

यातला GT मला विशेष आवडतो. तो नवी संख्या जुनीपेक्षा मोठी असेल तरच जुनी नोंद बदलतो. p17 ने दुसऱ्या दिवशी पुन्हा 4200 च गुण केले, तर नवी संख्या आधीपेक्षा लहान भरते, ती नाकारली जाते आणि त्याची मूळ वेळ शाबूत राहते. ही सोय सर्वोत्तम गुण मोजणाऱ्या खेळापुरती आहे. गुण साठत जाणाऱ्या खेळात ZINCRBY ने नुसती भर घातली, तर वेळेचा भाग जुनाच राहतो; तिथे जुने गुण वाचणे, भर घालणे आणि नवी संख्या लिहिणे ही तिन्ही कामे एका लुआ स्क्रिप्टमध्ये, मध्ये कोणाला शिरू न देता करावी लागतात. वेळही सर्व्हरच्या घड्याळाचीच घ्यावी, कारण फोनचे घड्याळ कोणीही मागे करू शकतो.

संख्येच्या आकाराला मात्र मर्यादा आहे. सॉर्टेड सेटमधला स्कोअर 64 बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या म्हणून साठवला जातो आणि तिच्यात 9007199254740992 पर्यंतचे पूर्णांक तंतोतंत बसतात. आपल्या रचनेत त्यामुळे सुमारे 90 कोटी गुणांपर्यंत चिंता नाही. पण कोणी स्पर्धेच्या सुरुवातीऐवजी 1970 पासूनचे मिलिसेकंद घेतले, तर वेळेलाच 13 अंक लागतात. 4200 गुणांची संख्या 42 च्या पुढे 15 शून्ये इतकी मोठी होते, आणि तिथे शेजारच्या दोन साठवता येणाऱ्या संख्यांत 8 चे अंतर असते. काही मिलिसेकंदांच्या फरकाने आलेले दोघे मग पुन्हा बरोबरीत अडकतात आणि निकाल परत अक्षरक्रमावर जातो. चूक झाल्याची सूचना कुठेही येत नाही. लिहिलेली संख्या लगेच वाचून शेवटचे अंक ताडून पाहिले, तरच ती चूक उघडी पडते.

गुणांत वेळेचा व्यस्तांक मिळवण्याची युक्ती तर याहून फसवी आहे. 1970 पासूनचे सेकंद सुमारे 170 कोटी असताना, 4200 गुणांपाशी दोन व्यस्तांकांतला फरक साठवता यायला खेळाडूंच्या वेळांत साधारण महिन्याचे अंतर लागते, आणि स्पर्धा तर तेवढ्याच दिवसांची असते.