बातिल आणि फासिद: हनफींचा मधला खण

हनफी या सुन्नी पंथाच्या फिक्हमधला, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातला, ‘फासिद’ करार म्हणजे आपल्या 1872च्या करार कायद्यातला ‘व्हॉइडेबल’, असं बिनधास्त लिहिलं जातं. ते चूक आहे. व्हॉइडेबल करार फसवल्या गेलेल्या पक्षाला मोडता येतो, पण हवा तर ठेवताही येतो. फासिद विक्री दोष काढल्याशिवाय कुणालाच ठेवता येत नाही. ती मोडणं दोघांवर बंधनकारक आहे, आणि त्यांनी नाही मोडली तर काझी मोडतो.

बातिल सोपं आहे (आपल्या ‘रद्दबातल’मधला ‘बातल’ तोच). मेलेलं जनावर विकलं किंवा वेड्या माणसाने सौदा केला, तर कराराचा गाभाच, म्हणजे ‘अस्ल’, नाही. माल ताब्यात घेतला तरी मालकी मिळत नाही.

फासिद हा वैध आणि बातिल यांच्यामधला खण. त्यात गाभा शाबूत असतो, बिघाड गुणधर्मात, ‘वस्फ’मध्ये असतो. घोडा 100 दिरहमला विकला, पैसे ‘कापणी झाली की’ द्यायचे. घोडा खरा, माणसं शहाणी, फक्त मुदत अनिश्चित. कापणीआधी दोघांनी ती अट काढून टाकली, तर हनफी मते विक्री वैध होते. बातिल अशी सुधारत नाही. अट तशीच राहिली आणि विकणाऱ्याच्या परवानगीने घोडा ताब्यात आला, तर घेणारा मालक होतो. मात्र ठरलेले 100 देणं लागत नाही, ताब्याच्या दिवशीचा बाजारभाव लागतो. तो 80 असेल तर 80. त्याने पुढे तिसऱ्याला घोडा विकला, की पहिला सौदा मोडण्याचा हक्क संपतो आणि तिसऱ्याची मालकी पक्की राहते. ऑटोमन साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी कायदेसंहितेच्या कलम 371 आणि 372मध्ये हेच नियम आहेत.

हाच घोडा शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या काझीपुढे न्या. तिथे बातिल आणि फासिद, मोजके अपवाद सोडले तर, एकच शब्द. ताबा घेणारा जवळजवळ बळकावणाऱ्यासारखा, आणि मूळ मालक तिसऱ्याच्या दारातूनही घोडा सोडवून आणतो.

भांडण खरं तर मनाईच्या अर्थावर आहे. हनफी म्हणतात, ‘अशी विक्री करू नका’ यात ‘विक्री’ शक्य आहे हे गृहीतच धरलंय. जे होऊच शकत नाही त्याला मनाई कशाला? बाकीचे विचारतात, शरियतने मना केलेल्या कृतीतून मालकीसारखं फळ कसं निघेल? शिवाय दोघांची संमती अटीसकट होती; अट सोलून काढली तर उरलेल्याला संमती कुणी दिली?

हनफींची सीमारेषा कधी कधी फारच बारीक होते, हे मान्यच करायला हवं. मुसलमानाने दिरहम घेऊन दारू विकली तर बातिल. कापड घेऊन किंमत म्हणून दारू दिली तर कापडापुरती फासिद. तरीही तिसऱ्या खरेदीदाराचं रक्षण करण्यात मला हनफींचीच बाजू उजवी वाटते. मालिकी पंथ मधला खण मानत नाही, पण माल हातचा गेला किंवा बदलला की ‘फौत’ म्हणून किमतीवर निभावतो. म्हणजे दार बंद, खिडकी उघडी.

कोकणी मुसलमान बहुतांश शाफई आहेत. त्यांच्या फिक्हबद्दल लिहिताना हनफी तक्ता उतरवून काढू नये.