तीन फासे, सहा चित्रं आणि ‘निम्मी’ संधी

सहा चित्रांचा एक पट, त्याच सहा चित्रांचे तीन फासे. एका चित्रावर दहा रुपये लावायचे. तिन्ही फासे पडले की आपलं चित्र जितक्या फाशांवर असेल तितके दहा रुपये मिळतात, शिवाय लावलेले दहा परत. कुठेच नसेल तर दहा गेले. इंग्रज खलाशी हा खेळ ‘क्राउन अँड अँकर’ या नावाने खेळत. आपल्याकडची झंडी-मुंडी त्याच कुळातली, फक्त तिच्यात बहुधा सहा फासे असतात.

पटासमोर उभा असलेला माणूस मनात एक हिशेब करतो: एका फाशावर माझं चित्र येण्याची शक्यता सहात एक, फासे तीन, म्हणजे सहात तीन. निम्मी संधी! वर कधी दोन-तीन फासे लागले तर जादा पैसे. म्हणजे खेळ बरोबरीचाच, झुकलाच तर आपल्या बाजूने.

हा हिशेब चुकीचा आहे, पण त्याला हसू नये. सोळाव्या शतकात मिलानच्या जिरोलामो कार्दानोने हीच चूक लिहून ठेवली आहे. कार्दानो वैद्य, गणिती आणि अट्टल जुगारी. फाशांच्या खेळांवर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी, १६६३ मध्ये छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की फाशाच्या बाजू सहा, त्यांच्या निम्म्या तीन, म्हणून तीन फेकींत ठरावीक दान पडण्याची आणि न पडण्याची संधी सारखी. पुढच्या प्रकरणांत, दोन-तीन फाशांची सगळी दानं मोजताना, तो बरोबर वाटेवर येतो. पण आधीचं वाक्य खोडायचं राहिलं ते राहिलंच.

चूक कुठे आहे? तीन फाशांवर आपलं चित्र *सरासरी* अर्धा वेळा येतं, हे खरं. पण ती सरासरी वेळांची आहे. एकाच डावात ते दोनदा आलं तर सरासरीत दोन म्हणून मोजलं जातं, जिंकलेला डाव मात्र एकच. तीन फाशांची एकूण दानं ६ × ६ × ६ म्हणजे २१६. त्यांपैकी ५ × ५ × ५ म्हणजे १२५ दानांत आपलं चित्र एकदाही नाही. उरली ९१. संधी निम्मी नव्हे, शंभरात ४२.

अशीच चूक शतकभराने पॅरिसच्या जुगारी मंडळींत पुन्हा दिसते. एका फाशाच्या चार फेकींत सहा पडण्यावर पैज लावणं किंचित फायद्याचं असतं. फ्रेंच गणिती पास्कलने २९ जुलै १६५४ च्या पत्रात फर्मा या दुसऱ्या गणितीला ते प्रमाण कळवलं आहे: ६७१ ला ६२५. शेवालिए द मेरे या सरदाराचा तर्क असा, की सहा बाजूंना चार फेकी, तर दोन फाशांच्या ३६ दानांना २४ फेकी पुरल्या पाहिजेत. त्या पुरत नाहीत. २४ फेकींत दोन्ही फाशांवर एकदम सहा एकदा तरी पडण्याची शक्यता ४९ टक्क्यांच्या थोडी वर आहे, २५ फेकींत ती निम्म्याच्या पलीकडे जाते. द मेरेला गणितच खोटं वाटलं. द मेरे हरता हरता हे शिकला, अशी गोष्ट सांगतात, ती मला पटत नाही. एक टक्क्याहून लहान फरक टेबलावर बसून कळायला हजारो डाव लागतील.

पण शक्यता मोजली म्हणून खेळ रास्त आहे की नाही ते ठरत नाही. त्यासाठी पैसे त्यात धरावे लागतात, आणि ते नीट धरले हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने. १६५५ मध्ये पॅरिसला गेला असताना त्याला या प्रश्नांची कुणकुण लागली. १६५७ मध्ये त्याचा छोटा प्रबंध त्याचे गुरू व्हान स्कूटेन यांच्या ग्रंथाला जोडून लॅटिनमध्ये छापला गेला. ‘अपेक्षा’, म्हणजे दर डावाला सरासरीने हाती येणारी रक्कम, हा शब्द त्या लॅटिन भाषांतरातून रूढ झाला.

गंमत अशी की आज आपण आधी सरासरी काढतो आणि ती शून्य आली की खेळाला रास्त म्हणतो. हायगेन्स उलट दिशेने आला. त्याने रास्त खेळ आधी गृहीत धरला. दोघे प्रत्येकी सारखी रक्कम मांडतात आणि ठरवतात की जिंकेल त्याने हरणाऱ्याला ३ रुपये द्यायचे. दोघांच्या अटी तंतोतंत सारख्या, म्हणून खेळ निर्विवाद रास्त. आता प्रत्येकी ५ मांडले, तर जिंकणाऱ्याला १० मिळतात, ३ देऊन ७ उरतात. म्हणजे ‘सारख्या संधीने ३ किंवा ७’ या गोष्टीची किंमत ५. सरासरी इथे निष्कर्ष म्हणून येते. संधी असमान असल्या तरी त्याने हीच युक्ती ताणून नेली.

ती आपल्या पटाला लावू. २१६ दानांपैकी ७५ मध्ये आपलं चित्र एकदा येतं, १५ मध्ये दोनदा, एकात तिन्हींवर. प्रत्येक दान एकेकदा पडलं असं समजा. मिळकत ७५० अधिक ३०० अधिक ३०, म्हणजे १०८० रुपये. गेले १२५० रुपये. २१६ डावांत १७० चा तोटा, म्हणजे दर डावाला सुमारे ७९ पैसे.

हे पैसे नेमके कुठून गळतात, ते पाहायचं तर सहाही चित्रांवर दहा-दहा लावून बघा. तीन वेगळी चित्रं पडली तर पटवाला तिघांचे तीस घेतो आणि तिघांना तीस देतो, त्याच्या हाती काही नाही. एखादं चित्र दोनदा आलं की तो चौघांचे चाळीस घेतो आणि तीसच देतो. तिन्ही सारखी आली तर पन्नास घेऊन तीस देतो. म्हणजे ज्या जोडीवर गर्दी ‘डबल!’ म्हणून ओरडते, तिथेच त्याची कमाई होते. खेळ रास्त करायचा तर दोन फाशांना २० ऐवजी ३० आणि तिन्हींना ३० ऐवजी ५० द्यावे लागतील: ७५० अधिक ४५० अधिक ५०, बरोबर १२५०.

अनुभवाने हे सहज कळत नाही. शंभर डावांत सरासरी तोटा ७९ रुपये, पण नशिबाची वर-खाली त्याहून मोठी, शंभर-सव्वाशेच्या घरात. त्यामुळे शंभर डावांनंतर साधारण चौघांतला एक जण नफ्यात असतो, आणि घरी जाऊन तोच बोलतो.

आणि दुरुस्त केलेला, रास्त पट? हायगेन्सच्या प्रबंधातलं शेवटचं कोडं दोघांपैकी एकाचे पैसे पूर्ण संपेपर्यंत खेळण्याबद्दल आहे. तो प्रश्न इथे विचारला तर असं दिसतं: तुमच्या खिशात १०० रुपये, पटवाल्याच्या गल्ल्यात ९९००, दर डावाला दहा, आणि कुणीतरी कफल्लक होईपर्यंत उठायचं नाही. अपेक्षित तोटा शून्य. तरी शंभरात सुमारे ९९ वेळा कफल्लक होणारे तुम्हीच. उरलेल्या एका वेळी अख्खा गल्ला तुमचा होतो, आणि सरासरी शून्यावर येते ती त्या एका वेळेमुळे.